विषय: म्हापशाच्या घराचं पार्किंगवरचं कापडी छप्पर, जाड कापड घेऊ का?

केदार (मस्कत):
नमस्कार मंडळी, मंडळाचा विषय नाही पण इथे गोव्याचे बरेच जण आहात म्हणून विचारतो. म्हापशाच्या घरासमोर गाडीसाठी पांढरं पीव्हीसीचं टेन्साइल छप्पर लावलं होतं, 6 बाय 5 मीटर, दोन कोपरे घराच्या चिऱ्याच्या भिंतीला हुक मारून आणि दोन समोरच्या पाइपांना, चारही साधारण एकाच उंचीवर कारण आईला ते तसं नीट दिसतं. जूनमध्ये मधोमध पाण्याचं तळं साचलं आणि एका रात्री भिंतीतला हुक चिऱ्याच्या तुकड्यासकट बाहेर आला. लावणारा म्हणतो कापड 650 जीएसएमचं होतं, 900 चं घ्या. घेऊ का?

मधुरावहिनी (दुबई):
केदार, पीव्हीसी नकोच, आमच्या पार्किंगला जाळीचं शेडनेट आहे, हवा आरपार जाते म्हणून वाऱ्याचं टेन्शनच नाही. आणि जेद्दाच्या हज टर्मिनलचं छप्पर बघ, 1981 पासून उभं आहे, म्हणजे चांगलं कापड घेतलं की आयुष्यभर बघायला नको.

भाऊ (पर्वरी):
पत्रा घाल आणि मोकळा हो. माझ्या गच्चीच्या गळतीवर पण शेवटी पत्राच घातला.

उदय (फोंडा):
भाऊ, पत्र्याखाली मे महिन्यात बसून दाखवा 🙂

केदार, जाड कापडाने काही होणार नाही, दोष आकारात आहे. चारही कोपरे एका पातळीत असले की पाण्याला जायला वाट नाही, थोडं साचतं, वजनाने कापड खाली जातं, म्हणून अजून साचतं. दोन चौरस मीटरात सरासरी 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे 200 लिटर, म्हणजे 200 किलो. आणि जवळजवळ सपाट ताणलेल्या कापडाच्या मध्ये ते वजन आलं की कोपऱ्यांवर त्याच्या कितीतरी पट ओढ येते, कपड्यांची दोरी जितकी ताठ बांधाल तितके ओल्या चादरीने खिळे उपटतात, तसंच. जांभ्याचा चिरा दाब छान घेतो पण हुकाची ओढ नाही, तो भुसभुशीत होऊन सुटतो.

उपाय म्हणजे कर्णावर समोरासमोरचे दोन कोपरे वर, बाकीचे दोन खाली. तुझ्या मापाला फरक निदान सव्वा-दीड मीटर ठेव, म्हणजे पाणी खालच्या कोपऱ्यांकडे धावतं. कडा सरळ नकोत, आत वळलेल्या हव्यात आणि त्यात तार हवी, नाहीतर कड सैल पडून वाऱ्यात फडफडते आणि तिथूनच फाटते. भिंतीला टांगू नकोस, चारही खांब घे. तिरके, बाहेरच्या बाजूला झुकलेले. आईला सांग, एक कोपरा वर दिसतो तो मुद्दाम आहे.

वहिनी, जाळीला वारा कमी लागतो हे खरं, पण लागतोच. आणि जाळीतून पाऊस खाली येतो, मस्कत-दुबईत कोणाला कळत नाही, गोव्यात कळतं. शिवाय जाळीचा शिवणीचा दोरा आधी उन्हाने जातो, जाळी मागून. जेद्दाचं छप्पर काचेच्या धाग्यावर टेफ्लॉनचं आहे, ते घडी घातलं तरी खराब होतं आणि किंमत वेगळीच, पार्किंगला कोण घेणार.

केदार:
उदयदादा, खांबांचा पाया किती? लावणारा म्हणतो दोन फूट पुरे.

उदय:
पणजीसाठी आपल्या आयएस 875 या बांधकामाच्या मानकात 39 मीटर प्रति सेकंदाचा वारा धरलाय. त्याचा दाब निघतो चौरस मीटरला साधारण 93 किलो. तुझं 30 चौरस मीटर, म्हणजे ढोबळ पावणेतीन टन, आकारानुसार कमी-जास्त, आणि ते वर उचलतं! 2021 च्या तौक्ते वादळात माझ्याकडचं कापड शाबूत होतं, खांब मात्र कलला, पाया उथळ होता. दोन फुटांवर समाधान मानू नकोस, जमीन बघून इंजिनियरकडून हिशोब करून घे.

मधुरावहिनी:
बरं बाबा. पण ते काळे ठिपके पडतात त्याचं काय?

उदय:
बुरशी. सौम्य साबण, मऊ ब्रश, पावसाआधी आणि नंतर. ब्लीच नको, प्रेशरवॉशर जवळून नको, वरचा लेप गेला की धूळ जास्त धरतं. पण ठिपके पुसून जात नसतील आणि कडेपासून आत रेघा दिसत असतील, तर पाणी कापडाच्या धाग्यात शिरलंय, ते धुऊन निघत नाही. पीव्हीडीएफचा लेप असलेलं घेतलंस तर स्वच्छ राहतं, तरी आपल्या दमट हवेत 10-12 वर्षंच धरून चाल. आणि वर्षातून दोनदा टर्नबकल पिळून ताण बघायचा, पहिल्या वर्षात कापड सैलावतंच.

केदार:
जुनं कापड त्याच नव्या आकारात बसवता येईल का?

उदय:
त्याचे पट्टे सपाट आकाराला कापलेत, वळणाला नाही, वाकडं ओढलं तर सुरकुत्या पडतील. तरी फोटो टाक, कोपऱ्याच्या प्लेटजवळचे पण. वेल्डिंगची शिवण उघडली असेल तर विषयच संपला.

भाऊ:
तेच म्हणतो, पत्रा.