सापेक्ष एन्ट्रॉपी ऋण येतेय, चूक कुठे?

मृण्मयी:

नमस्कार मंडळी,

सापेक्ष एन्ट्रॉपी कधीच शून्याखाली जात नाही असं वाचलं, आणि माझी पहिल्याच उदाहरणात गेली. कुणी बघाल का?

नाणं झुकलेलं आहे. छापा ३/४, काटा १/४. हे खरं वितरण, P. आपण मात्र ते सरळ समजतोय, दोन्ही बाजूंना १/२. हे Q. दोघांच्या संभाव्यतांचं गुणोत्तर p/q घ्यायचं, त्याचा लॉग घ्यायचा आणि सरासरी काढायची, एवढंच करायचं आहे. लॉगचा पाया २ ठेवला.

छापा पडला तर गुणोत्तर १.५, त्याचा लॉग ०.५८५. काटा पडला तर गुणोत्तर ०.५, लॉग −१. दोघांची सरासरी −०.२०७५. लॉग तीनदा तपासले, ते बरोबर आहेत.

सतीशकाका:

मृण्मयी, तुझे लॉग बरोबरच आहेत, काळजी करू नकोस. हे दोन वितरणांमधलं अंतर आहे आणि अंतराला चिन्ह नसतं. गुणोत्तर p/q ऐवजी q/p घेतलं की चिन्ह उलटतं, बाकी काही बदलत नाही. उणे काढून टाक, ०.२०७५ हे उत्तर.

विद्याताई:

सतीशराव, थोडं थांबा. ०.२०७५ ही संख्या खरी आहे, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

मृण्मयी, तू सरासरी काढताना छाप्याला आणि काट्याला सारखाच भार दिलास. हा भार कुणाच्या हिशोबाने दिलास? Q च्या. पण नाणं उडतंय P च्या नियमाने. शंभरदा उडवलं तर छाप्याचा लॉग साधारण पंचाहत्तर वेळा मिळणार आणि काट्याचा पंचवीस वेळा. म्हणून

D(P‖Q) = ३/४ × ०.५८५ + १/४ × (−१) = ०.४३९ − ०.२५ = ०.१८९ बिट.

सूत्रात P दोनदा येतो, एकदा गुणोत्तराच्या वर आणि एकदा सरासरीचा भार म्हणून. माझे विद्यार्थी यातला दुसरा P हमखास विसरतात.

उत्तर ऋण आलं की भार चुकला हे ओळखायला एक पडताळा आहे. उलटं गुणोत्तर q/p घे, म्हणजे छाप्याला २/३ आणि काट्याला २. त्यांची P च्या भाराने सरासरी काढ: ३/४ × २/३ + १/४ × २ = १. नेमका १ यायलाच हवा, कारण p ला p छेदतो आणि उरलेल्या q ची बेरीज १ असते. आता, लॉगची सरासरी ही सरासरीच्या लॉगपेक्षा मोठी होऊ शकत नाही, आणि १ चा लॉग शून्य. म्हणून log(q/p) ची सरासरी शून्य किंवा त्याखाली, आणि तिचं चिन्ह उलटवलं की आपली D, म्हणजे शून्य किंवा वर. तुझ्या १/२ च्या भाराने हीच सरासरी ४/३ येते. तिथेच चूक उघडी पडते.

सतीशकाका:

भाराचा मुद्दा मान्य. पण मग माझं ०.२०७५ कुठून आलं? ती संख्या काहीतरी सांगत असणारच.

विद्याताई:

सांगते ना. नाणं खरोखर सरळ असेल आणि आपण ते ३/४ ने झुकलेलं समजत असू, तर D(Q‖P) = ०.२०७५. मृण्मयीने भार Q चा घेतला आणि तुम्ही चिन्ह पुसलं, दोन्ही मिळून भूमिकांची अदलाबदल झाली. झुकलेल्या नाण्याला सरळ समजणं ही एक चूक, सरळ नाण्याला झुकलेलं समजणं ही दुसरी, आणि दोन्हींची किंमत सारखी नाही. म्हणून मी 'अंतर' हा शब्द इथे टाळते. इथून तिथे आणि तिथून इथे सारखंच मोजलं जाईल असा समज त्याने होतो. कुलबॅक आणि लीब्लर यांनी १९५१ च्या लेखात दोन्ही दिशांची बेरीजही घेतली होती. ती बेरीज सममित आहे, पण वेगळी राशी आहे.

मृण्मयी:

ताई, चूक कळली, आभार. पण ०.१८९ बिट म्हणजे काय, हे अजून हातात येत नाही. एका फेकीत तर ०.५८५ किंवा −१ यांपैकीच काहीतरी मिळतं.

विद्याताई:

अगदी बरोबर. ०.१८९ एका फेकीत कधीच दिसत नाही, ती सरासरी आहे. नाणं झुकलेलं की सरळ, हे तुला माहीत नाही असं समज. प्रत्येक छापा 'झुकलेलं' या बाजूला ०.५८५ बिट पुरावा टाकतो, प्रत्येक काटा एक बिट काढून घेतो. लॉग घेतल्यामुळे हे पुरावे नुसते बेरजेने साठतात. नाणं खरंच झुकलेलं असेल तर शंभर फेकींत सरासरी १८.९ बिट जमतात, आणि २ चा तेवढा घात म्हणजे जवळपास पावणेपाच लाखास एक.

पण एका फेकीतला चढउतार सरासरीहून बराच मोठा आहे, प्रमाण विचलन ०.६८६ बिट. शंभर फेकींत ते दहापट, म्हणजे ६.९ होतं, तर सरासरी शंभरपट. म्हणून शंभर फेकी बऱ्यापैकी बोलतात आणि थोड्या फेकी फसवतात.

मृण्मयी:

वीस फेकींवर करून पाहिलं. १५ छापे, ५ काटे आले तर १५ × ०.५८५ − ५ = ३.७७, म्हणजे वीस गुणिले ०.१८९. पण १२ छापे आणि ८ काटे आले तर ७.०२ − ८ = −०.९८. छापे जास्त असूनही पुरावा सरळ नाण्याच्या बाजूने! आधी वाटलं परत चुकले. मग लक्षात आलं, १२ ही संख्या पंधरापेक्षा दहाला जवळ आहे.

आशुतोष:

विषयाला धरूनच माझी अडचण मांडतो. मी मागच्या महिन्यातल्या तक्रारींच्या प्रकारांचं वितरण Q धरतो, या महिन्याचं P, आणि दोघांची D काढतो. एक प्रकार मागच्या महिन्यात एकदाही आला नव्हता, या महिन्यात आला. उत्तर अनंत. प्रोग्राममध्ये चूक समजून दोन दिवस तेच शोधत बसलो.

विद्याताई:

प्रोग्राम बरोबर आहे, आशुतोष. Q ने ज्याला 'अशक्य' म्हटलं ते घडलं, तर एका निरीक्षणातच Q पूर्ण बाद होतो. अनंत म्हणजे तेच. उलट बाजूने, P मध्ये शून्य आणि Q मध्ये नाही, तर काही बिघडत नाही. त्या प्रकाराचा भारच शून्य.

पण तुझं शून्य खरं अशक्यत्व नाही, थोड्या नोंदींचा परिणाम आहे. प्रत्येक प्रकाराच्या नोंदींत थोडी भर घालून मग Q काढ.

आशुतोष:

थोडी म्हणजे किती? वरच्याच नाण्यावर बघितलं. Q दहा फेकींवरून काढला आणि दहाही छापे आले असं धरलं, P तोच ३/४ आणि १/४. प्रत्येक बाजूला १ मिळवला तर D ०.१८ येते. अर्धा मिळवला तर ०.३५. जवळपास दुप्पट! माझा इशारा ०.३ च्या वर वाजतो. मग वाजवायचा की नाही?

सतीशकाका:

अर्धाच घ्यावा, तो जास्त सावध आहे.

विद्याताई:

सावध कशाच्या बाबतीत, सतीशराव? खोटे इशारे वाढले तर तो सावधपणा नव्हे. दहा निरीक्षणांवर ही संख्या भरीवरच उभी आहे, नोंदींवर नाही, त्यामुळे मी एकही निवडणार नाही. आशुतोष, मागच्या महिन्यात एकूण नोंदी किती होत्या आणि प्रकार किती, ते कळव. जुन्या दोन-तीन महिन्यांच्या जोड्यांवर दोन्ही भरी लावून इशारा कधी वाजला असता ते आधी बघू.