आण्डकपाल: कवटी, टरफल की कपाल?

अनुजा_पुणे: छांदोग्य उपनिषदाच्या ३.१९ खंडाचं सोपं मराठी करते आहे. तिथलं अंडं वर्षभर पडून राहतं, मग फुटतं, आणि ‘ते आण्डकपाले रजतं च सुवर्णं चाभवताम्’. चांदीच्या अर्ध्याची पृथ्वी, सोन्याच्या अर्ध्याचा द्युलोक. मी ‘दोन कवट्या’ लिहिलं. संपादक म्हणतात कवटी डोक्याची, अंड्याचं टरफल. पण टरफल म्हटलं की टाकून द्यायची वस्तू वाटते.

दर्यावर्दी: कवटीच ठेवा. कवठाची कवटी म्हणतोच की आपण. शिवाय कवटी हा शब्द कपालावरूनच आलाय.

जुनी_पोथी: कपालावरून कपाळ आलं. कवटीतला ‘ट’ कुठून आला ते आधी सांगा.

अनुजाताई, खरी अडचण पुढच्या ओळीत आहे. जरायूचे पर्वत झाले, उल्बाचे ढग आणि धुकं, धमन्यांच्या नद्या. दोन्हींना ‘आवरण’ लिहिलंत तर पर्वत आणि धुकं एकाच वस्तूचे होतात. जरायू जाड, उल्ब पातळ. उल्बाला ‘पापुद्रा’ चालेल, उकडलेलं अंडं सोलताना बोटाला चिकटतो तसा. जरायूला मात्र अंड्यात जोड नाही, कारण हे अंडं अर्धं गर्भाशयच आहे. गाय व्याल्यावर ‘जार पडली’ म्हणतात, तोच शब्द घ्या.

शुद्धलेखन_आग्रही: उपनिषदात गोठा नको. जरायू, उल्ब, कपाल तसेच ठेवून खाली टीप द्या.

दर्यावर्दी: ‘कपाल’ वाचून निम्मे लोक कपाळच समजतील.

मेघना_ओस्लो: सृष्टी कशी झाली त्या कथांबद्दलच चाललंय ना? माझ्याकडे नॉर्स कथा आहे. ओडिन देव आणि त्याचे भाऊ इमिर नावाच्या आदिराक्षसाला मारतात. मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, मेंदूचे ढग. ‘इमिरचा बळी दिला’ लिहू का?

जुनी_पोथी: नको. पुरुषसूक्तात देव यज्ञ मांडतात आणि पुरुषाला पशू म्हणून बांधतात, तो बळी. इमिरच्या कथेत यज्ञ नाही, कुणाला काही अर्पण केलेलं नाही. त्याच्या रक्तात बाकीचे हिमराक्षस बुडतात, एक बेर्गेल्मिर घरच्यांसह वाचतो. सरळ ‘ठार मारलं’ लिहा. बाबिलोनचा देव मर्दुक समुद्रदेवी तिआमतला उभी चिरतो आणि अर्ध्या भागाचं आकाश करतो, तेही युद्धातच. ‘बळी’ लिहिलंत की वाचक तिथे नसलेला यज्ञ शोधत बसेल.

मेघना_ओस्लो: आणि आकाश इमिरच्या कवटीचं आहे, चार कोपऱ्यांना चार बुटके ती तोलून धरतात. तिथे टरफल चालणारच नाही.

दर्यावर्दी: बघा! अंडं असो की राक्षस, आकाश कवटीचंच.

जुनी_पोथी: संस्कृत कपालात अंड्याचं कवच, डोक्याची कवटी, खापरी, सगळंच बसतं. मराठी कवटीत पहिला अर्थ बसतो का, हाच तर वाद आहे.

अनुजा_पुणे: ‘जार’ घेते. कवटीसाठी संपादकांशी भांडते. पण त्याच ओळीत ‘वास्तेय उदक’ म्हणजे बस्तीतलं, मूत्राशयातलं पाणी, आणि त्याचा समुद्र होतो. संपादकांनी ते ‘पोटातलं पाणी’ केलंय. तसंच जाऊ देऊ?

शुद्धलेखन_आग्रही: ‘वास्तेय’च ठेवा.