‘कीप-अलाइव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

रेवती: आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलांसाठी नेटवर्किंगच्या मराठी टिपा लिहिते आहे. मुलाखतीत हमखास येणारे प्रश्न घेतले आहेत: टीसीपी की यूडीपी, एचटीटीपीच्या आवृत्त्यांत फरक काय, कनेक्शन पुन्हा कसं वापरतात, वगैरे. ‘कीप-अलाइव्ह’पाशी अडले. आधी ‘जिवंत ठेवणे’ लिहिलं होतं. एका मुलाने विचारलं, “ताई, कोण मरतंय?” त्याला नीट उत्तर देता आलं नाही. चांगला शब्द सुचवाल का?

प्रसाद: ‘जिवंत ठेवणे’ बरोबरच आहे की. एचटीटीपी १.१ पासून कनेक्शन आपोआप चालू राहतं. ऑपरेटिंग सिस्टीम दर दोन तासांनी एक छोटं पॅकेट पाठवून ते जिवंत ठेवते. त्यामुळे ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने त्याची फिकीर करायची गरज नाही.

सुहास: प्रसाद, तुमची दोन्ही वाक्यं सुटी घेतली तर बऱ्याच अंशी बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. रेवतीताईंचा शब्द तिथेच अडकतो आहे.

एचटीटीपीमधल्या कीप-अलाइव्हमध्ये कुणीही काहीही पाठवत नाही. एक उत्तर देऊन झालं तरी कनेक्शन तोडायचं नाही, पुढची विनंती त्याच्यावरच येऊ द्यायची, एवढाच तो करार. त्यासाठी मराठीत आयतं वाक्य आहे: ‘फोन ठेवू नका’. १.० मध्ये ते मुद्दाम सांगावं लागे, `Connection: keep-alive` असं लिहून. १.१ मध्ये न सांगताच फोन चालू धरतात, आणि ठेवायचा असेल तर `Connection: close` म्हणतात.

टीसीपीचं कीपअलाइव्ह म्हणजे नाडी बघणं. बराच वेळ शांतता असेल तर पलीकडे कुणी आहे का याची खात्री करायची. लिनक्समध्ये मुळात ७२०० सेकंद शांततेनंतर पहिली चाचपणी होते. उत्तर नाही आलं तर ७५ सेकंदांच्या अंतराने अशा ९ चाचपण्या, आणि मग कनेक्शन मेलं असं धरतात. म्हणजे पलीकडचं यंत्र वीज जाऊन बंद पडलं, तर शेवटच्या बोलण्यानंतर सव्वादोन तासांच्या आसपास आपल्याला ते कळणार. आणि हेही आपोआप होत नाही, प्रोग्रामने त्या सॉकेटवर `SO_KEEPALIVE` लावलं तरच.

मंगेश: आमच्याकडे दोन महिने रात्री-बेरात्री ५०२ यायचे. दिवसा गर्दीत सगळं सुरळीत. शेवटी कुणीतरी ‘कीप-अलाइव्ह वाढवा’ म्हणालं, म्हणून मी सर्व्हरवर `tcp_keepalive_time` बदललं. काहीच फरक पडला नाही. ते याच घोळामुळे का?

सुहास: बहुतेक. पुढे लोड बॅलन्सर आणि मागे नोडचा सर्व्हर आहे का? आणि ज्या विनंतीला ५०२ मिळाला, तिची नोंद ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये सापडते का?

मंगेश: हो, नोडच. लॉगमध्ये नोंदच नाही. म्हणून तर आम्ही नेटवर्कवाल्यांवर ढकलत होतो.

सुहास: तीच खूण आहे. नोडच्या एचटीटीपी सर्व्हरची मूळ मुदत कित्येक आवृत्त्यांत ५ सेकंद आहे. ५ सेकंद कुणी बोललं नाही की तो फोन ठेवतो. तुमच्या लोड बॅलन्सरची मुदत धरू ६० सेकंद. आता रात्री विनंत्या विरळ झाल्या. एका कनेक्शनवर बरोबर ५ सेकंद शांतता झाली आणि सर्व्हरने ‘ठेवतो’ म्हणून फिन पाठवला. तो वाटेत असतानाच लोड बॅलन्सरने त्याच कनेक्शनवर नवी विनंती सोडली. ती पोचली तेव्हा इकडचा फोन ठेवलेला होता. सर्व्हरच्या कर्नलने परस्पर रीसेट पाठवला, ॲप्लिकेशनपर्यंत काही गेलंच नाही, आणि लोड बॅलन्सरने ग्राहकाला ५०२ दिला. गर्दीत कनेक्शन ५ सेकंद रिकामं राहतच नाही, म्हणून दिवसा दिसत नाही.

नियम सरळ आहे: जो विनंती पाठवतो त्याने आधी फोन ठेवावा. म्हणजे सर्व्हरची मुदत लोड बॅलन्सरपेक्षा जास्त हवी.

```js
server.keepAliveTimeout = 65000; // मिलिसेकंद
```

मंगेश: पण लोड बॅलन्सर तीच विनंती दुसऱ्या कनेक्शनवर पुन्हा का पाठवत नाही?

सुहास: साधी माहिती मागणारी गेट विनंती असेल तर पाठवता येते, काही पाठवतातही. पोस्टचं तसं नाही. सर्व्हरने काम करून मग कनेक्शन तोडलं की काम न करताच, हे बाहेरून कळत नाही. पुन्हा पाठवली आणि पैसे दोनदा कापले गेले, तर?

शलाका: माझा अनुभव वेगळा आहे, कदाचित विषयाला सोडून असेल. आमचा प्रोग्राम रात्रभर रिकामा असतो. सकाळची डेटाबेसची पहिली क्वेरी अडकून बसायची. चूकही दाखवायची नाही, नुसती वाट बघत राहायची, पंधरा मिनिटांच्या आसपास. डेटाबेस ठणठणीत. मी ‘फोन ठेवला गेला’ असंच समजत होते.

सुहास: फोन ठेवला असता तर लगेच कळलं असतं. मधे फायरवॉल आहे ना? तो प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवतो आणि बराच वेळ हालचाल नसली की ती गुपचूप पुसतो. दोन्ही टोकांना वाटतं कनेक्शन आहे, पण मधली वाट बुजलेली. तुमचं पॅकेट जातं, उत्तर येत नाही, लिनक्स पुन्हापुन्हा पाठवत राहतो. ती पंधरा मिनिटं त्याची. रिकाम्या वेळी हे बघा:

```
$ ss -tno
ESTAB 0 0 10.0.0.5:48122 10.0.0.9:5432 timer:(keepalive,97min,0)
```

पहिली चाचपणी अजून ९७ मिनिटांनी आहे. फायरवॉल एका तासात नोंद पुसत असेल, तर ती चाचपणी जाईल तेव्हा वाट आधीच गेलेली असेल. या कनेक्शनला ७२०० ऐवजी ३०० सेकंद लावा.

शलाका: म्हणजे इथे नाडी बघायची नाहीये. पायवाटेवर गवत वाढू नये म्हणून अधूनमधून चालून यायचं.

सुहास: अगदी. साधन नाडीचं, काम वाट राखण्याचं. हा तिसरा अर्थ माझ्या उत्तरात राहिला होता.

प्रसाद: माझी चूक कळली. पण मग एचटीटीपी ३ चं काय? ते यूडीपीवर चालतं, आणि यूडीपीत कनेक्शनच नसतं. तिथे हा शब्द बादच व्हायला हवा.

सुहास: यूडीपीत नसतं, पण त्यावर बसलेलं क्विक स्वतःचं कनेक्शन धरतं, त्याला ओळखक्रमांकही देतं. किती शांतता चालेल हे दोन्ही बाजू सुरुवातीला सांगतात, आणि जी मुदत कमी ती लागू होते. ती संपू नये म्हणून पिंग नावाची चौकट पाठवता येते. शिवाय राउटर यूडीपीच्या नोंदी टीसीपीपेक्षा बऱ्याच लवकर पुसतात, त्यामुळे वाट राखायची गरज उलट वाढते. बाद व्हायचं तर `Connection: keep-alive` हे हेडर. एचटीटीपी २ पासूनच ते वापरायला मनाई आहे.

रेवती: मग एकच शब्द शोधणं मी सोडते. एचटीटीपीसाठी ‘जोडणी न तोडणे’, टीसीपीसाठी ‘नाडी तपासणे’, आणि फायरवॉल-राउटरसाठी ‘वाट राखणे’. प्रत्येकाच्या पहिल्या उल्लेखापुढे मूळ शब्द देईन.

मंगेश: ‘जोडणी’ नको. आमच्याकडे जोडणी म्हणजे नळाची. ‘कनेक्शन’च लिहा, मुलं तेच बोलतात.

शलाका: नळाचंही कनेक्शनच म्हणतात हो. मला ‘जोडणी’ आवडते.

सुहास: त्यावर माझं काही मत नाही. पण ‘नाडी’बद्दल एक शंका आहे. एचटीटीपी २ मधला पिंग नाडी बघतो, जाऊन यायला किती वेळ लागतो तेही मोजतो, आणि वाटही राखतो. त्याला तुमच्या तिघांपैकी कुठला शब्द लावणार?