अनुभव धागा: साडेसहा तासांचं चित्रीकरण आणि चार मिनिटांची लग्नाची फिल्म

रानवेल
काल भाचीने तिच्या आईबाबांच्या लग्नाची फिल्म सलग तीनदा लावली आणि मला ते सगळे दिवस आठवले. ती मी कापली होती. दोन कॅमेरे, शिवाय ताईच्या आणि माझ्या बाबांच्या कॉलरला लावलेल्या छोट्या माइकचं रेकॉर्डिंग, असं मिळून साडेसहा तासांचं चित्रीकरण होतं.

पहिला कट अकरा मिनिटांचा झाला. आधी गाणं निवडलं आणि सकाळपासून रात्रीपर्यंत जसं घडलं तसं त्यावर टाकत गेले. तयारी, पाहुणे, विधी, भाषणं, नाच. ताई बघायला बसली आणि सातव्या मिनिटाला तिने फोन हातात घेतला. "छान झालंय गं" म्हणाली, पण मला कळायचं ते कळलं.

मग दोन संध्याकाळी स्क्रीन झाकून नुसता आवाज ऐकला. भाषणाला उठायच्या आधी बाबांचा माइक चालूच होता. कागद उलगडल्याचा आवाज येतो. बाबा आईला हळूच विचारतात, "वाचू की तसंच बोलू?" आई म्हणते, "तसंच बोला." मग बाबांचा एक लांब श्वास. सगळं मिळून नऊ सेकंद. फिल्मचा शेवट तिथे सापडला, आणि शेवट मिळाल्यावर सुरुवातही मिळाली. सकाळी ताई खिडकीपाशी उभी आहे त्यावर कागदाचा आवाज आणि बाबांचा प्रश्न ठेवला, उत्तर ठेवलं नाही. मधली सव्वादोन मिनिटं गाणं आणि दिवसभराची धांदल. मग गाणं थांबतं, आईचं "तसंच बोला" येतं, श्वास, बाबांची दोनच वाक्यं, आणि ताईचा चेहरा आठ सेकंद तसाच.

तुम्ही कुणी असं काही कापलंय का? काय ठेवलं, काय टाकलं ते लिहा ना.

कातरवेळ
बारा वर्षं हेच काम करतोय. आवाजापासून सुरुवात केलीत हे फार बरोबर केलंत. चार मिनिटांत साधारण सत्तर-ऐंशी शॉट मावतात, आणि नुसत्या सुंदर शॉटांची माळ दीड मिनिटानंतर कुणी बघत नाही. पुढे काय होणार याची ओढ लागते ती बोलण्यातून. तुमच्याकडे तर अर्धवट सोडलेला प्रश्नच होता.

माझी पद्धत सांगतो. पहिल्या फेरीत सगळं नेहमीच्या वेगाने बघायचं, कात्री लावायची नाही. जिथे आपण नकळत पुढे सरकून बसलो तिथे फक्त खूण करायची. साडेसहा तासांतून पाऊण तास उरतो. दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी, डोळे ताजे असताना, तेव्हा दहा मिनिटं उरतात. दहाचे चार करणं सगळ्यात अवघड, कारण आता चांगलंच टाकायचं असतं. तिथे मी एकच बघतो, हा शॉट आधीच्याने सांगितलं तेच पुन्हा सांगतोय का. आईने डोळे पुसल्याचे तीन शॉट असतील तर एकच राहतो.

घाईगडबड
माझा अनुभव, प्रत्येक कट गाण्याच्या ठेक्यावर पडलाच पाहिजे नाहीतर हौशी वाटतं. आणि भावनिक जागा सगळ्या स्लो करा, लगेच परिणाम होतो. मित्राच्या लग्नाचं असंच केलं, सगळ्यांना आवडलं

कातरवेळ
@घाईगडबड ठेक्याचं अर्धं खरं आहे. प्रत्येक कट ठेक्यावर पडायला लागला की आठ-दहा कटांत बघणाऱ्याला पुढचा कट आधीच कळतो आणि तो माणसांकडे बघायचं सोडून मोजायला लागतो. गाणं चढतं तिथे ठेका घ्यावा, बाकी कट हालचालीवर. हात उचलायला लागला की कापा, पुढच्या शॉटमध्ये तो हात खांद्यावर पडू दे. डोळ्याला जोड दिसत नाही.

स्लोसाठी चित्रीकरण आधीच जास्त फ्रेमांचं लागतं. 50 फ्रेमांचं 25 च्या फिल्ममध्ये निम्म्या वेगाने स्वच्छ चालतं. मुळात 25 ने घेतलेलं ताणलं की अडखळतं. नाचताना फिरणारा हात बघा, लगेच दिसेल.

घाईगडबड
अच्छा म्हणून तो नाच तसा दिसत होता! मला वाटायचं लॅपटॉप जुना आहे

मोरपंखी
आमच्या लग्नाची 1996 ची कॅसेट आहे, तीन तासांची. तिचं असं चार मिनिटांचं होईल का? पण आधी ती कॉम्प्युटरवर कशी घ्यायची? खिडकीतून फितीवर पांढरं पांढरं दिसतंय.

पायवाट
@मोरपंखी ताई, ती बुरशी असेल. कॅसेट अजिबात चालवू नका, प्लेअरच्या हेडला लागून बाकीच्या कॅसेटींनाही लागते. आधी साफ करून घ्या.

माझं दुखणं वेगळंच. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळात तासाभराचा फरक होता आणि मी वेळेनुसार क्लिप लावल्या. पाहुणे यायच्या आधी निघूनच गेले 😀 नशिबाने दोन्ही कॅमेऱ्यांवर टाळ्यांचा आवाज होता. त्याचे उंचवटे एकमेकांखाली जुळवले आणि सगळं जागेवर आलं. आता चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर एकदा टाळी वाजवायला सांगते.

अबोलफुला
रानवेल, गाणं थांबवलंत तिथे मागे काय ठेवलंत? मी भावाच्या फिल्ममध्ये असंच थांबवलं तर एकदम कान बंद झाल्यासारखं झालं. बघणारे म्हणाले आवाज गेला.

रानवेल
अगदी तेच झालं होतं! भाषणाआधीचा वीस सेकंदांचा नुसता हॉलचा आवाज सापडला. खुर्च्या सरकतायत, लांब कुणीतरी खोकतंय. तो खाली पसरला आणि गाणं झटकन न तोडता दोन सेकंदांत त्यात विरू दिलं. मग ती शांतता खरी वाटली.

पण एक सांगायचं राहिलं. बाबा आईला विचारतात तेव्हा एकही कॅमेरा त्यांच्याकडे नव्हता. आणि शेवटचा ताईचा चेहरा बाबांच्या भाषणातला नाहीच. मैत्रीण बोलत होती तेव्हाचा आहे, वीसेक मिनिटं आधीचा. अजून कुणाला कळलेलं नाही, ताईलाही नाही.

अबोलफुला
हे मात्र मला पटत नाही गं. ते डोळे मैत्रिणीसाठी भरले होते. ताईला आयुष्यभर वाटणार की बाबांच्या त्या वाक्याला मी अशी रडले.

कातरवेळ
आमच्या कामात चेहरे उसने घेतातच. उजेड, केस, हातातली वस्तू जुळते का एवढं बघायचं. मी ऐकतानाचा साधा चेहरा बिनधास्त घेतो, पण अश्रू घेत नाही. माझी बायको म्हणते यात काही फरक नाही. असेलही.

रानवेल
सात वर्षं हेच डोक्यात आहे. बाबांच्या भाषणावेळी ताईवरचा कॅमेरा बॅटरी बदलायला बंद होता. दुसऱ्यात ती पाठमोरी आहे, नुसता खांदा दिसतो. आज वाटतं तो खांदाच ठेवायला हवा होता. मूळ फुटेज आहे अजून.

पायवाट
खांदा लावून एकदा बघच ना. जुनी फाइल पुसू नकोस फक्त.

घाईगडबड
आमच्यात काकू फिल्ममध्ये एकदाही दिसली नाही म्हणून वर्षभर बोलली नाही. तेव्हापासून चार मिनिटांच्या सोबत एक तासभराची लांब फिल्म पण देतो, तिच्यात सगळे असतात

मोरपंखी
कॅसेट उघडून बघितली. पांढरंच आहे, कडेकडेने. चालवत नाही, वेगळ्या डब्यात ठेवली.