मदत हवी आहे: चवथीसाठी अंगणात २४ बाय १५ चा माटव, बांबू आणि दोरी किती आणू?

अंगणवाला: घर डिचोली तालुक्यात. चवथीला भजनाची मंडळी येतात, पाऊस ठरलेलाच, म्हणून अंगणात ताडपत्रीचा माटव घालायचा आहे. लांबी २४ फूट, रुंदी १५. घराची वळचण साधारण साडेदहा फुटांवर आहे, पाणी घरापासून लांब, रस्त्याच्या बाजूला पडायला हवं. माणग्याचे २० फुटी बांबू मिळतात. माटव घालणारा म्हणतो ५० आणा, शेजारी म्हणतात २० पुरे. हिशोब कसा करतात?

पोफळीखाली: २० पुरतात हो. आम्ही दर वर्षी तेवढ्यातच घालतो. फक्त सुंभ रात्रभर भिजवून वापरा, सुकलं की आवळतं.

मेढकरी: पोफळीखाली, तुमचा माटव किती रुंद? दोन रांगांत उभा राहणारा असेल तर २० ठीक. १५ फूट रुंदीला मध्ये खांब नसतील तर वासे खाली झुकतात, ताडपत्रीत पाण्याचा फुगा होतो आणि मग वजन वाढतच जातं.

अंगणवाला, तुमच्याकडे तीन रांगा धरा, रांगेत दर ८ फुटांवर खांब, म्हणजे एकूण १२. उतार १५ फुटांत ३ फूट हवा. घराकडे १० फूट, मध्ये साडेआठ, रस्त्याकडे ७. प्रत्येक खांब २ फूट जमिनीत जाणार, म्हणून १२, साडेदहा आणि ९ फुटी तुकडे. साडेदहा आणि ९ मिळून साडेएकोणीस होतात, एका बांबूत दोन्ही खांब निघतात. असे ४ बांबू. उंच खांबांना आणखी ४, आणि त्यांचे ८ फुटी तुकडे उरतात.

ते तुकडे टाकू नका. खांबांवरच्या आडव्याला २४ फूट लागतात. २० फुटी बांबूला ८ फुटी तुकडा ४ फूट चढवून जोडा, जोड १६ फुटांवरच्या खांबापासून सुरू होतो. तीन रांगांना फक्त ३ नवे बांबू. वासे दर ३ फुटांवर, म्हणजे ९. त्यावर रिपांच्या ६ ओळी, बांबू उभा चिरून, ६ बांबू. कोपऱ्यांच्या तिरक्या कैच्या १० फुटी, एकूण ८, म्हणजे ४ बांबू. बेरीज ३०. चिरलेले, वाकडे निघतील म्हणून ३३ आणा.

अंगणवाला: आणि दोरी?

मेढकरी: गाठी मोजा, मग दोरी. खांब, जोड आणि कैच्यांच्या ३४ गाठी. अडीच इंची बांबूला चार वेढे, मधून दोन आवळ, शेवटची गाठ असे १० फूट जातात. वाशांच्या २७ गाठींना ७ फूट पुरे. मिळून साडेपाचशेच्या आत, पण काथ्या ६०० फूट घ्या. रिपांना सुतळी, ६६ गाठी, दर गाठीला ३ फूट.

आडवा बांबू खांबाच्या पेरावर, कांड्याच्या गाठीला टेकून बसवा. गुळगुळीत भागावर बांधला की दोन दिवसांत खाली सरकतो. नायलॉनची दोरी मजबूत असते, पण बांबूवर घसरते.

परांचीवाला: आमच्या दुमजली घराला रंग द्यायचाय. याच हिशोबानं बांबू घेऊ का?

मेढकरी: नको. माटवाच्या वाशांवर फक्त ताडपत्री असते, परांचीवर माणूस, बादली आणि त्याची हालचाल. तिचे खांब जवळ लागतात, भिंतीला जागोजागी बांधावी लागते. तुमचा धागा वेगळा काढा.

पोफळीखाली: भिजवण्यावर काहीच बोलला नाहीत.

मेढकरी: भिजवल्यानं सुंभ मऊ होतं, हाताला नीट आवळता येतं, हे खरं. पण काथ्या ओला असताना आखडतो, सुकला की सैल पडतो, असं माझं मत. शिवाय ओला बांबू सुकताना बारीक होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी गाठी हलवून बघायच्याच.

पोफळीखाली: आमच्याकडे कधी सैल पडलं नाही. असो.

सातेरीचा: वाऱ्याचं कोणी काढलंच नाही. ताशी ५४ किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण १४ किलो दाब देतो. तुमचं छप्पर ३३ चौरस मीटर, म्हणजे छपराखाली वारा शिरला तर साडेचारशे किलोच्या आसपास वर उचलण्याचा जोर. प्रत्येक खांबाला सरासरी ३८ किलो, मधल्या रांगेला जास्त. पणजीसाठी बांधकामाच्या मानकात सेकंदाला ३९ मीटरचा वारा धरतात, त्यात असला माटव राहणारच नाही. चारही कोपऱ्यांना जमिनीत खुंटी मारून ताण द्या आणि ताडपत्रीची दोरी अशी बांधा की झोत आला तर ओढून सोडता येईल.

अंगणवाला: ३३ आणतो. एकच अडचण आहे, रस्त्याकडच्या दोन खांबांपाशी खाली जांभा आहे, फूटभरच खणता येतं. तिथं रंगाच्या डब्यात काँक्रीट भरून खांब उभा केला तर चालेल?

मेढकरी: २० लिटरचा डबा काँक्रीटनं भरला तर साधारण ४५ ते ४८ किलो. कोपऱ्याच्या खांबाला जमेल, ताण मात्र त्या डब्याला नको, वेगळ्या खुंटीला. जांभ्यात लोखंडी पहार एक फूट तरी शिरते का ते आधी बघून सांगा.