मराठवाडा सहलीचं शीर्षक गूगलमध्ये अर्धवट दिसतंय

विलास, न्यू जर्सी:
नमस्कार मंडळी. सहलीचं पान गूगलवर शोधलं, तर पैठणनंतर तीन टिंबं येतात. तुळजापूर आणि औंढा नागनाथ दिसतच नाहीत. मर्यादा ६० अक्षरांची असते, पुढचं गूगल वाचत नाही. तेवढ्यावर छाटून टाकू का?

अनघा, छत्रपती संभाजीनगर:
विलासदादा, छाटू नका. गूगल पूर्ण शीर्षक वाचतं, फक्त दाखवताना जागा संपली की कापतं. संगणकावर ती जागा साधारण ६०० पिक्सेल रुंद असते. तिथल्या २० पिक्सेलच्या एरियल अक्षरात W जवळजवळ १९ पिक्सेल खातो, i साडेचारसुद्धा नाही. ६० हा आकडा इंग्रजीच्या सरासरीवरून आलेला अंदाज आहे.

मराठीत तर मोजणीच वेगळी पडते. ‘तुळजापूर’ संगणक आठ मोजतो, कारण प्रत्येक काना-उकार स्वतंत्र धरतो. पण तु आणि पू मधले उकार अक्षराखाली बसतात, आडवी जागा घेत नाहीत. म्हणून रुंदीच मोजा. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हे टाका:

```
const c = document.createElement('canvas').getContext('2d');
c.font = '20px Arial';
c.measureText(document.title).width
```

सुमन, जालना:
अनघा, आमच्या हिमरू शालींच्या पानाचंही असंच झालंय गं. शीर्षक छोटंच आहे, तरी गूगल भलतंच दाखवतं. अजून कमी करू का?

अनघा:
नाही मावशी, तुमचं कापलेलं नाही, बदललेलं आहे. दिसणारे शब्द तुमच्या शीर्षकात नसतील, तर गूगलने ते पानावरच्या मोठ्या मथळ्यातून किंवा दुसऱ्या कुणी दिलेल्या लिंकमधून उचललेत. आधी पानावरचा मथळा बघा, शीर्षकाशी जुळतो का ते.

विलास:
मोजलं. माझ्या मॅकवर एक आकडा येतो, ऑफिसच्या विंडोजवर दुसरा. खरा कोणता धरू?

अनघा:
दोन्ही. एरियलमध्ये देवनागरी नाहीच, त्यामुळे प्रत्येक यंत्र आपल्याकडचा देवनागरी फॉन्ट लावतं आणि रुंदी बदलते. मोठा आकडा धरा आणि वर थोडी मोकळी जागा ठेवा.

आपल्या शीर्षकात खरी अडचण सुरुवातीची आहे. ‘आपल्या मराठी मंडळाचे संकेतस्थळ’ एवढ्यानेच बरीच जागा जाते, आणि संकेतस्थळाचं नाव गूगल वरच्या ओळीत वेगळं दाखवतंच. माझ्या मते असं करा: ‘मराठवाडा सहल : वेरूळ, पैठण, तुळजापूर, औंढा नागनाथ | मराठी मंडळ’. कापलं गेलंच, तर शेवटचं मंडळाचं नाव जाईल.

विलास:
पटलं. पण आपली निम्मी मंडळी फोनवर बघतात, तिथे शीर्षक दोन ओळींत येतं. मग ६०० चा हिशेब कशाला?

अनघा:
फोनवर जागा जास्त मिळते खरी, पण पडद्यागणिक ओळ वेगळ्या ठिकाणी मोडते, त्यामुळे एक आकडा देता येत नाही. मी संगणकाचाच धरते. मंडळाचं नाव शेवटी टाकायला समितीची हरकत असेल तर आजच कळवा, उद्या पान बदलते.