मदत हवी आहे : आईच्या ठुशीतल्या लाखेचं वजन कसं धरावं?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे. आईचं सोनं तिघा भावंडांत वाटायचंय. नुसत्या वजनावर वाटलं तर अन्याय होतो, म्हणून सराफ्यात मशीनवर शुद्धता तपासून प्रत्येकात शुद्ध सोनं किती ते काढलं.

दादाला पाटल्या : 40 ग्रॅम, 91.6 टक्के, म्हणजे 36.64 ग्रॅम शुद्ध. ताईला ठुशी : 30 ग्रॅम, त्यातली लाख अंदाजे 6, उरलेले 24 ग्रॅम 75 टक्क्यांचे, म्हणजे 18. मला वेढणी : 20 ग्रॅम, 99.5 टक्के, म्हणजे 19.90. एकूण 74.54, प्रत्येकी साधारण 24.85.

म्हणजे दादाने ताईला 6.85 आणि मला 4.95 ग्रॅमचे पैसे द्यायचे. 24 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 धरला, तर 68,500 आणि 49,500. भाव पैसे देण्याच्या दिवशीचा घेऊ.

अडलंय ते ठुशीशी. मशीन फक्त वरचा थर वाचतं, आतली लाख दिसत नाही. लाख 8 ग्रॅम निघाली तर ताईचं सोनं 16.50 च भरेल. आईच्या गळ्यातली ती ठुशी वितळवायला कुणाचंच मन होत नाही. न मोडता लाखेचं वजन कुणी काढून घेतलंय का? कसं?